चहा आपोआप ढवळणारा कप: गणपतीतल्या खोट्या जाहिरातीची संहिता बघून सांगा

मांजराकाठ (लातूर)

नमस्कार मंडळी. आमच्या कॉलनीच्या गणपतीत एक संध्याकाळ मुलांच्या कार्यक्रमाची असते. यंदा दोन नाचांच्या मध्ये दीड-दोन मिनिटांच्या खोट्या जाहिराती टाकायचं ठरलंय, म्हणजे मागे मुलांना पोशाख बदलायला वेळ मिळतो आणि पुढे लोक खुर्च्या सोडत नाहीत. पहिली जाहिरात माझ्याकडे आलीय. वस्तू मुलांनीच सुचवली: चहा आपोआप ढवळणारा कप. आठवी-नववीतली चार मुलं आहेत. त्यातली एक मुलगी टीव्हीवरच्या निवेदिकेचा आवाज हुबेहूब काढते. संहिता अशी आहे:

“मंडळी, सादर आहे जगातला सर्वात मूर्ख कप! घुसळेश्वर कप! हा कप चहा ढवळतो, गाणं म्हणतो, तुमचा अभ्यास करतो आणि शेजाऱ्यांशी भांडतोसुद्धा! एकदा हा कप घेतला की तुमचे हात कामातून गेलेच म्हणून समजा! किंमत फक्त एक कोटी रुपये! घ्या, घ्या, नाहीतर रडत बसा!”

वाचताना गंमत वाटते, पण तालमीला बसलेले पालक पहिल्या ओळीला हसतात आणि मग मोबाईल काढतात. मुलं मनापासून म्हणतात, तरी हशा पुढे सरकत नाही. कुणी असलं काही लिहिलं असेल तर मदत करा.

शिवारातला संज्या (परभणी)

ताई, अजून वाढवा की! कप उडतो म्हना, कप शेतात पानी देतो म्हना, कप निवडनुकीला उभा राहतो म्हना. विनोद म्हंजे अतिशयोक्ती, जितकं ताणाल तितकं लोक हसतेत. आन टीव्हीवरच्या चहाच्या कंपन्यांची नावं थोडी वाकडी करून घाला, लोक लगेच वळखतेत. एक मात्र पक्कं ध्यानात ठेवा, “थांबा! थांबा! अजून संपलं नाही!” हे पाहिजेच. त्याच्याबिगर जाहिरात वाटतच नाही.

काशिनाथ उमरगेकर

हा कप कुठे मिळतो? लातूरच्या दुकानात आहे का, की मागवावा लागेल? वडिलांना मागच्या वर्षी अर्धांगाचा झटका आला, उजव्या हातात अजून जोर नाही. किंमत एक कोटी लिहिलीय ती चुकून पडली असावी. बरोबर किंमत कळवा.

मांजराकाठ (लातूर)

काशिनाथदादा, ही गणपतीतल्या कार्यक्रमासाठी लिहिलेली खोटी जाहिरात आहे, विकायला काही नाही. वडिलांना लवकर बरं वाटो. असा खरा कप कुणी वापरला असेल तर इथं जरूर सांगा, दादांना उपयोग होईल.

भोंगा ते एफएम (छत्रपती संभाजीनगर)

ताई, मी बरीच वर्षं याच कामात काढली. साडी सेंटर, बियाणं, दहावीचे क्लासेस, सोन्याचांदीची दुकानं, अशा स्थानिक जाहिराती लिहिल्या. आधी रिक्षावरच्या भोंग्यासाठी, मग केबलसाठी, मग रेडिओसाठी. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुमच्या संहितेतल्या निवेदिकेला कप मूर्खपणाचा आहे हे माहीत आहे. खऱ्या जाहिरातीतल्या निवेदिकेला ते कधीच माहीत नसतं. ती नॉनस्टिक तव्याबद्दल बोलत असो की घाम न येणाऱ्या बनियनबद्दल, आयुष्य बदलणार आहे अशीच बोलते. तुम्ही “जगातला सर्वात मूर्ख कप” असं म्हणालात तिथंच प्रेक्षकांचं काम संपलं. मूर्खपणा त्यांनी शोधायचा असतो. आपण बोट दाखवलं की त्यांना हसायला जागा राहत नाही, म्हणून ते मोबाईल काढतात.

आता वस्तूकडे बघा. टेलिशॉपिंगची जाहिरात नेहमी त्रासापासून सुरू होते. एखादी बाई कांदा चिरताना हैराण झालेली असते, नाहीतर एखाद्याला साधी चादर घडी करता येत नसते. चित्र काळंपांढरं, संगीत रडकं. मग वस्तू येते आणि चित्र रंगीत होतं. तुमच्या संहितेत हा त्रासच नाही, थेट वस्तू आली. आणि इथं तुमच्या हाती फार मोठी गोष्ट लागलेली आहे. आपल्याकडं चहा ढवळायचा त्रास आहे कुणाला? आपण साखर पातेल्यात टाकतो. पाणी, साखर, पत्ती एकत्र उकळतं, आल्याचा तुकडा ठेचून पडतो, मग दूध, मग एक उकळी, मग गाळणी. चहा कपात येतो तेव्हा साखर विरघळून कधीच मोकळी झालेली असते. हॉटेलात तुम्हाला कपाबरोबर चमचा कधी मिळालाय का? म्हणजे हा कप लातुरात जो त्रास दूर करणार, तो त्रास लातुरात नाहीच. जाहिरातीला तो आधी तयार करावा लागणार, तोही पूर्ण गांभीर्यानं. सगळा विनोद इथं आहे. गाणं म्हणणारा कप, अभ्यास करणारा कप, हे वेगळे विनोद आहेत आणि ते याला मारून टाकतात. खोट एकच ठेवा. बाकी एकूण एक वाक्य खऱ्या जाहिरातीत शोभलं पाहिजे.

संजूभाऊंचं “थांबा” अगदी बरोबर आहे, ते ठेवाच. अमेरिकेत १९७८ च्या सुमाराला गिन्सू नावाच्या सुऱ्यांच्या जाहिरातींनी हे गाजवलं. आता किती पैसे द्याल, असं विचारायचं, लगेच उत्तर देऊ नका म्हणायचं आणि वर आणखी एक सुरी टाकायची. आपल्याकडच्या टेलिशॉपिंगनं तोच साचा उचलला. पण ताणायचं कुठं, यात भाऊंशी माझं जमत नाही. एक कोटी ही किंमत ऐकून कुणी हसणार नाही, कारण कुठलीही जाहिरात असली किंमत सांगत नाही. ९९९ म्हणा. ३,९९९ पासून खाली उतरत ९९९ ला आलात की लोक आपोआप हसतात, कारण हा जिना ते रोज ऐकतात.

अंजली नांदेडकर

माझ्याकडे खरंच असा कप आहे, वाढदिवसाला आलेला. काशिनाथदादांनाही उपयोग होईल म्हणून नीट लिहिते.

स्टीलचा मग आहे, बाहेरून प्लास्टिक. बुडाला एक खण आहे, त्यात दोन बारीक पेन्सिल सेल बसतात. कपाच्या आत तळाशी रुपयाच्या नाण्याएवढी प्लास्टिकची चकती आहे, तिच्यावर उंचवटे आहेत. कानाजवळ बटण आहे. ते अंगठ्यानं दाबून धरलं की चकती फिरते आणि मधोमध भोवरा होतो. काळ्या कॉफीत साखर घातली तर खरंच छान विरघळते, ते नाकारत नाही.

आपल्या चहात मात्र दोन गोष्टी होतात. काठोकाठ भरून बटण दाबलं की चहा उसळून मनगटावर येतो, म्हणून बोटभर रिकामा ठेवावा लागतो. दुसरं म्हणजे साय. म्हशीच्या दुधाचा चहा जरा निवला की वर साय धरते आणि बटण दाबलं की ती भोवऱ्यातून खाली जाऊन चकतीला गुंडाळते. आवाजावरून कळतं, आधी घर्र असतं ते जड होत जातं आणि चकती थांबते. मग चमचा घेऊन साय काढायची! चकतीच्या खालच्या फटीत थोडी अडकून राहिली की दुसऱ्या दिवशी वास येतो. आणि मग पाण्यात बुडवून घासता येत नाही, कारण खाली सेल आहेत.

भोंगा ते एफएम

अंजलीताई, तुमची साय संहितेत घ्यायचीच! कप बंद पडला की चमच्यानं साय काढायची, हे मी डोकं खाजवून लिहिलं असतं तरी सुचलं नसतं.

पुस्तकातला किडा (बीड)

या प्रकाराला जपानमध्ये ‘चिंदोगू’ म्हणतात. केंजी कावाकामी या गृहस्थांनी ते नाव दिलं. चॉपस्टिकला अडकवलेला छोटा पंखा ही त्यातली प्रसिद्ध वस्तू. गरम नूडल्स तोंडात जाण्याआधी गार व्हाव्यात म्हणून. आपला कप म्हणजे शुद्ध चिंदोगू.

भोंगा ते एफएम

कप त्यात बसत नाही असं मला वाटतं. कावाकामींच्या नियमांत एक असा आहे की वस्तू विकायची नाही. हा कप तर विकला जातो, अंजलीताईंच्या घरी पोचलासुद्धा. दुसरा नियम मात्र आपल्या उपयोगाचा आहे: वस्तू नुसती कल्पनेत असून चालत नाही, खरोखर बनवलेली पाहिजे. रंगमंचावर कप हातात धरून नुसता अभिनय केला तर तो कपच राहतो. चकती खरंच फिरली पाहिजे आणि तिचा आवाज मागच्या रांगेपर्यंत गेला पाहिजे.

शिवारातला संज्या

ते काम माझ्यावर सोडा. तुटक्या खेळन्यातल्या गाडीची मोटर काढा, दोन सेलचं घर आन एक बटन, झालं. ष्टीलच्या ग्लासाला बुडाला भोक पाडून मोटरचा दांडा वर काढा आन त्याला बाटलीचं झाकन चिटकवा. चहा वतू नका, गळतंय. रिकामाच फिरवा. आन माईक एकदम जवळ धरा, लई भारी आवाज येतो.

मांजराकाठ (लातूर)

सगळ्यांचे आभार. संज्यादादा, मोटर मिळाली, धाकट्याच्या खेळण्यातूनच. सरांच्या सांगण्याप्रमाणे त्रासाचा प्रसंग लिहिला: मुलगा चमचा उचलतो, कपापर्यंत नेतो, हात थरथरतो, चमचा खाली पडतो. निवेदिका दुःखी आवाजात म्हणते, “रोज सकाळी तेच कष्ट.” तालमीत पहिल्यांदाच हशा आला.

काशिनाथ उमरगेकर

ताई, वाईट वाटून घेऊ नका, पण हे वडिलांचं रोजचं आहे. चमचा खरंच पडतो. आणि त्रास कुणालाच नाही असं सरांनी लिहिलं, तेही आमच्या घरात खरं नाही. आईला साखरेचा आजार आहे म्हणून पातेल्यात चहा फिकाच होतो. वडिलांना गोड लागतो, तर त्यांची साखर कपात वेगळी घालावी लागते. आई ढवळून द्यायला गेली की त्यांना आवडत नाही. म्हणून मी कप विचारला होता.

शिवारातला संज्या

काशिनाथभाऊ, तुमचं दुःख समजलं. पन कार्यक्रमात कोन कुनाच्या वडलांना हसायलंय? पडलेला चमचा बघून लोक हसतेत, आजाराला न्हाई. हशा आलाय तर काढू नये असं माझं मत.

भोंगा ते एफएम

संजूभाऊ, काशिनाथ म्हणतात ते बाजूला ठेवलं तरी संहितेच्या अंगानं तो प्रसंग कच्चाच आहे. थरथरणारा हात हा खरा त्रास आहे. खऱ्या त्रासावर हा कप खरंच चालतो, म्हणजे जाहिरात खरी होते आणि आपली गंमत तिथंच विरते. कॉलनीत त्या संध्याकाळी पुढच्या रांगेत आजी-आजोबाच बसणार, तेव्हा पहिला हशा आला तरी दुसरा येणार नाही. त्रास असा शोधा की जो माणसाला कधीच झालेला नाही.

मला एक सुचतं. मुलाचे हात धडधाकट आहेत, चमचा नीट धरलेला आहे. त्याला फक्त ठरवता येत नाहीये की चमचा डावीकडून फिरवायचा की उजवीकडून.

आता शब्दांबद्दल. जाहिरातीची भाषा खोटं क्वचितच बोलते, ती अंग चोरून बोलते. आम्ही सगळ्यात जास्त वापरलेला शब्द म्हणजे ‘पर्यंत’. साडी सेंटरच्या सेलचा मजकूर घेतला की मालक सांगायचे, ‘७० टक्के सूट’ लिहा. आत जाऊन बघितलं तर ७० टक्के सूट एका कोपऱ्यातल्या परकरांवर, बाकी साड्यांवर १०. मग ‘७० टक्क्यांपर्यंत’ लिहायचं. हे वाक्य शून्य टक्क्यालाही खरंच ठरतं. तसेच ‘मदत करतो’, ‘खास तंत्र’, ‘साध्या कपाच्या तुलनेत’. साधा कप मुळात ढवळतच नाही, तेव्हा त्याच्याशी तुलना करून आपला कप कधीच हरत नाही. असे दोनच शब्द घ्या. चार घेतले की टीका केल्यासारखं वाटतं आणि मुलांच्या तोंडी ते शोभत नाही.

कंपन्यांची नावं वाकडी करून घालू नका. लोक नाव ओळखतात आणि त्या नावालाच हसतात, कप बाजूला पडतो. घुसळेश्वरही नको, ते नावच विनोद करतं. ‘चहामित्र प्लस’ ठेवा. उद्या खरंच दुकानात दिसेल असं नाव.

ग्राहकमैत्रीण (जालना)

शेवटी घाईघाईत म्हणायच्या अटी विसरू नका. मी ग्राहक चळवळीत काम करते म्हणून यावर जरा बोलते. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ चा आहे, आणि त्याच्या आधारानं जून २०२२ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दल मार्गदर्शक सूचना आल्या. त्यात असं आहे की दावा ज्या भाषेत केला त्याच भाषेत खुलासा हवा, आणि छापील जाहिरातीत तो दाव्याच्याच अक्षरांत दिसला पाहिजे. मुख्य म्हणजे जाहिरातीत ठासून सांगितलेली गोष्ट खुलाशात मागे घेता येत नाही. तुम्ही काही विकत नाही, तेव्हा तुम्हाला यातलं काहीच लागू नाही. पण गंमत तिथंच आहे. तुमच्या अटींनी सगळा दावाच मागे घ्यावा, एका दमात, शुद्ध मराठीत, ऐकू येईल असा.

भोंगा ते एफएम

ताई, फार मोलाचं सांगितलंत. फक्त वेगाबद्दल एक गोष्ट. रेडिओवर ३० सेकंदांत साधारण साठ-सत्तर शब्द नीट ऐकू येतात. अटी त्याच्या दुप्पट वेगानं म्हणतात. मंडपात, भोंग्याच्या घुमण्यात, तो वेग कळणार नाही. मुलानं शब्द तोडून म्हणावेत आणि फक्त मध्ये श्वास घेऊ नये. घाई झाल्यासारखी वाटते आणि शब्दही पोचतात.

वर आलेलं सगळं जोडून मी एक मसुदा करतो. मुलांच्या तोंडात बसेल तसं बदला.

*(पेटीवर उदास सूर.)*

निवेदिका: सकाळचे सात वाजलेत. चहा समोर आहे. पण चमचा डावीकडून फिरवायचा… की उजवीकडून?

*(मुलगा चमचा धरून थांबलेला. चहाकडे बघतो, प्रेक्षकांकडे बघतो, पुन्हा चहाकडे.)*

निवेदिका: तुमच्याही घरात होतो का हा त्रास? ठरवता ठरवता चहा निवून जातो? आता काळजी सोडा! *(पेटी थांबते, ढोलकी जोरात.)* सादर आहे, संपूर्ण कुटुंबाच्या विश्वासाचा, चहामित्र प्लस!

पांढरा कोट: चहामित्र प्लसमध्ये आहे खास फिरत्या चकतीचं तंत्र. फक्त एक बटण दाबा, आणि ढवळण्याचे कष्ट होतात ९९ टक्क्यांपर्यंत कमी.

*(बटण. घर्र. चौघंही कपाकडे बघत राहतात. कुणी काही बोलत नाही. मनात पाच आकडे मोजा.)*

काकू: आधी आमच्या घरात चहा तसाच प्यायचे. ढवळायचा असतो हेच आम्हाला माहीत नव्हतं. चहामित्र आला, आणि आता आम्ही सगळे ढवळतो. शेजारीण विचारती, काकू, तुमच्या चेहऱ्यावर हे तेज कशाचं?

निवेदिका: बाजारात अशा कपाची किंमत आहे ३,९९९ रुपये. पण तुम्हाला द्यायचे नाहीत ३,९९९. द्यायचे नाहीत १,९९९. चहामित्र प्लस, फक्त ९९९ रुपयांत! आणि थांबा! आजच मागवणाऱ्यांना १९९ रुपयांची भेट, अगदी मोफत! *(रुमाल उचलते.)* स्टेनलेस स्टीलचा चमचा!

छोटा: *(एका दमात)* चहा साखर दूध आणि सेल वेगळे घ्यावे लागतील कप काठोकाठ भरू नये साय आल्यास चकती थांबते अशा वेळी सोबतच्या चमच्याने ढवळावे साखर आधीच विरघळलेली असल्यास परिणाम दिसून येणार नाही.

घर्र नंतरची ती शांतता मुलांना जड जाईल. तीनपर्यंत मोजलं की त्यांना बोलावंसं वाटतं. पण रंगीत तालमीत तिथं कुणीच हसलं नाही तरी ती कापू नका. घरातली माणसं तालमीत हसत नाहीत, मंडपातली हसतात. कोटवाल्या मुलानं मध्ये एकदा समाधानानं मान डोलवली तर चालेल. बाकी कुणी हसायचं नाही, विशेषतः काकूनं. ती हसली की सगळं गेलं.

अंजली नांदेडकर

काकूचं “ढवळायचा असतो हेच माहीत नव्हतं” वाचून मी ऑफिसात मोठ्यानं हसले.

शिवारातला संज्या

चमचा फुकट! हे लई बेस झालं. पन मग अटी कशाला पुढं? रुमाल उचलला, चमचा दिसला, लोक टाळ्या वाजवायलेत, तिथंच पडदा टाका. त्याच्यानंतर ते पोरगं बडबडायला लागलं की टाळ्यांत कायबी ऐकू येनार न्हाई.

ग्राहकमैत्रीण (जालना)

मला नाही पटत. साखर आधीच विरघळलेली असल्यास, हे वाक्य म्हणजे सगळ्या जाहिरातीचा निकाल आहे, आणि ते आपल्याच भागातलं आहे. जिथं सगळ्यांचा चहा ढवळून घ्यायचा असतो तिथं त्यावर कुणी हसणार नाही. ते गाळलं तर जाहिरात कुठलीही होते.

भोंगा ते एफएम

दोन्हीत तथ्य आहे. टाळ्या ओसरेपर्यंत छोट्यानं माईक धरून नुसतं उभं राहायचं, असा मधला रस्ता निघेल. पण आठवीतल्या मुलाला टाळ्या ओसरेपर्यंत थांबणं जमतं का, हे ताईंनाच माहीत.

मांजराकाठ (लातूर)

छोटा म्हणजे खरंच छोटा आहे, त्या चौघांशिवायचा, सहावीतला, आणि त्याला थांबणं अजिबात जमत नाही. त्याची मोठी बहीण निवेदिका आहे. तिला सांगते की चमचा वर धरून ठेव आणि टाळ्या थांबल्या की खाली आण. चमचा खाली आला की ह्यानं सुरू करायचं. रविवारी कॉलनीतल्या बायकांसमोर एकदा चमच्यावर संपवून बघू आणि एकदा अटींवर. थरथरणारा हात काढला, डावी-उजवी बाजू घेतली. मुलाला ती जास्त आवडली, कारण त्याला आता चेहऱ्यानं काहीतरी करायला मिळतंय.

काशिनाथ उमरगेकर

डावी-उजवी बाजू आमच्या वडिलांना वाचून दाखवली, ते हसले. अंजलीताई, तुमच्या कपाचं बटण दाबून धरावं लागतं म्हणालात. वडिलांचा डावा हात चांगला आहे, पण कप त्याच हातात धरायचा आणि त्याच अंगठ्यानं दाबायचं हे होईल का?

अंजली नांदेडकर

दादा, भरलेला कप उचलून दाबायला लावू नका, तो जड आहे आणि उसळला तर गरम चहा हातावर येईल. कप टेबलावरच ठेवायचा आणि डाव्या अंगठ्यानं दाबायचं, थांबला की मग उचलायचा. एकदा दाबलं की चालू राहणारं बटण असलेले आणि झाकणवालेही मिळतात, तसा बघा. घ्यायच्या आधी सेलचा खण स्क्रूनं बंद होतो की नुसत्या टोपणानं, तेही बघून घ्या. माझं टोपणाचं आहे आणि तिथूनच पाणी आत गेलं. वडिलांसाठी साखर बारीक करून ठेवलीत तर पाच-सहा सेकंदांत काम होतं. साय मात्र आधी गाळून द्या.